आजींना ९८ नको होते

ड्यूटी बदलताना आमच्याकडे पेशंटची माहिती सांगायची एक ठरलेली चाल आहे. पलंगाचा नंबर, आजार, कितवं सलाइन चालू आहे, लघवी किती झाली, आणि शेवटी "ऑक्सिजनवर आहे, चार लिटर." ऐकणारी सिस्टर मान हलवते आणि पुढच्या पलंगाकडे वळते. या "चार लिटर"वर माझा जुना राग आहे. चार लिटर कशातून? नाकातल्या नळीतून चार लिटर म्हणजे एक गोष्ट, व्हेंचुरीच्या पांढऱ्या तुकड्यातून चार लिटर म्हणजे वेगळीच. आणि साध्या मास्कला चार लिटर लावला असेल, तर तो आधी जाऊन वाढवायला हवा. लिटर हा भिंतीवरच्या फ्लोमीटरचा आकडा आहे. पेशंटच्या छातीत काय पोहोचतंय, ते त्यावरून कळत नाही.

मी करंजाड्यातल्या एका छोट्या हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. पनवेल स्टेशनच्या पलीकडची ही सिडकोची वसाहत. टॉवर अजून उभे राहतायत, आणि विमानतळासाठी गावं सोडून आलेली कुटुंबंही आता इथे रुजली आहेत. त्यामुळे दम लागून येणारे पेशंट दोन तऱ्हांचे असतात. एक तरणेताठे, बांधकामावरचे किंवा नोकरदार, न्यूमोनिया झालेले. दुसऱ्या म्हाताऱ्या बायका, ज्यांनी आयुष्यात कधी बिडी ओढली नाही, पण चाळीसेक वर्षं चुलीपुढे बसून भाकऱ्या थापल्या. फ्लॅटमध्ये गॅस आला, तरी आंघोळीचं पाणी पुष्कळ घरी अजून लाकडावरच तापतं. धुराने झालेल्या फुप्फुसाच्या या जुनाट आजाराला डॉक्टर सीओपीडी म्हणतात, घरचे "जुना दमा" म्हणतात. दोन्ही तऱ्हांच्या पेशंटांना दम लागलेला असतो, दोघांच्याही बोटाला लावलेलं यंत्र कमी आकडा दाखवतं. पण दोघांना ऑक्सिजन द्यायचा तो सारखा नाही.

थंडीतली एक रात्र. रुग्णवाहिकेतून साठी उलटलेल्या एका आजींना आणलं. सोबत सून होती. दोन दिवस खोकला, पिवळा बेडका, संध्याकाळपासून वाक्य पुरं करता येत नव्हतं. घरी सॅच्युरेशन ८१ दाखवत होतं, म्हणून गाडीत साधा मास्क लावून आठ लिटर सोडला होता. आमच्या दारात पोहोचेपर्यंत सॅच्युरेशन ९८ झालं होतं. गाडीतला मदतनीस मुलगा खूश, सूनही निर्धास्त. ती मला म्हणाली, "सिस्टर, घरी नुसती तळमळत होती, आता बघा, किती शांत झोपलीय."

तो शांतपणाच मला नको होता. आजींना हाक मारली तर डोळे उघडायच्या, "हं" म्हणायच्या आणि पुन्हा मिटायच्या. हात थंडीतही गरम होते, नाडी जोरात उडत होती. हात पुढे धरायला सांगितले, तर पंजे राहून राहून खाली गळत होते, जणू कोणी मध्येच दोरी सोडतंय. श्वास मिनिटाला १४. थोड्या वेळापूर्वी धापा टाकणारी बाई उपचार न होताच १४ वर येते, तेव्हा ती बरी झालेली नसते. ती दमलेली असते, किंवा तिच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत असतो. बोटावरचं यंत्र कार्बन डायऑक्साइड दाखवत नाही. ते ९८ दाखवत राहतं, आणि आपण फसतो.

इथे थोडं थांबून सांगते, कारण हे का होतं ते नातेवाइकांना पटत नाही. नव्या सिस्टरांनाही त्याचं अर्धंच कारण शिकवलेलं असतं. "जुन्या दम्याच्या पेशंटला जास्त ऑक्सिजन दिला की मेंदू श्वास घ्यायचा विसरतो," असं सांगितलं जातं. तो भाग आहे, पण लहान. मोठा भाग फुप्फुसातच घडतो. आजारी फुप्फुसाचे काही कोपरे असे असतात की तिथे हवा नीट पोहोचत नाही. शरीर शहाणं असतं. तिथल्या रक्तवाहिन्या ते आखडून घेतं आणि रक्त चांगल्या कोपऱ्यांकडे वळवतं. बाहेरून भरमसाट ऑक्सिजन आला की त्या आखडलेल्या वाहिन्या सैल पडतात. रक्त पुन्हा त्या बिनहवेच्या कोपऱ्यांतून फिरतं आणि कार्बन डायऑक्साइड न टाकताच परत येतं. शिवाय ऑक्सिजनने भरलेलं हिमोग्लोबिन स्वतःजवळचा कार्बन डायऑक्साइड सोडून देतं, तोही रक्तातच मिसळतो. म्हणून अशा पेशंटचं लक्ष्य ८८ ते ९२, आणि बाकीच्यांचं ९४ ते ९८. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हेच आकडे आहेत, आणि आमचे डॉक्टरही हेच लिहितात.

ड्यूटी डॉक्टरांनी धमनीतलं रक्त घेतलं. गॅसचं यंत्र आमच्याकडे नाही. हेपरिन लावलेली सिरिंज बर्फात ठेवून वॉर्डबॉय मामा मोटरसायकलवर पनवेलच्या लॅबला पळतात. रिपोर्ट फोनवर आला: पीएच ७.२९, कार्बन डायऑक्साइड ७२. पीएच ७.३५ च्या खाली आणि कार्बन डायऑक्साइड पंचेचाळिसाच्या बराच वर, म्हणजे आजींबद्दलचा अंदाज खरा होता. रिपोर्टची वाट मात्र आम्ही पाहत बसलो नव्हतो. रक्त घेतल्याबरोबर डॉक्टर म्हणाले, "मास्क बदला, व्हेंचुरी लावा, २८." सून घाबरून म्हणाली, "मग ऑक्सिजन काढूनच टाका ना!" तेही चालत नाही. एकदम बंद केला तर साठलेला कार्बन डायऑक्साइड फुप्फुसात जागा अडवून बसतो, आणि सॅच्युरेशन सुरुवातीच्या ८१ पेक्षाही खाली कोसळू शकतं. उतरायचं ते पायरीने.

आता नाकातली नळी, साधा मास्क आणि व्हेंचुरी काय देतात ते सांगते, आणि त्यासाठी साधा हिशेब करू. निवांत बसलेला माणूस श्वास आत ओढतो तेव्हा त्या ओढीचा वेग मिनिटाला साधारण ३० लिटर असतो. नाकातल्या नळीतून आपण दोनच लिटर ऑक्सिजन सोडतो. उरलेली २८ लिटर तो खोलीतली हवा ओढतो, आणि तिच्यात २१ टक्के ऑक्सिजन असतोच. मिसळून झाले साधारण २६ टक्के. तोच माणूस धापा टाकू लागला आणि ओढ ६० वर गेली, तर तेच दोन लिटर ५८ लिटर हवेत पातळ होतात आणि जेमतेम २४ टक्के उरतात. नाकाच्या पोकळीत थोडा ऑक्सिजन साठून राहतो, त्यामुळे खरा आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण दिशा हीच. पुस्तकात "एका लिटरला २४ टक्के, मग दर लिटरला चार टक्के वाढवा" असं लिहिलेलं असतं. ते निवांत माणसाचं गणित आहे. निवांत माणूस आमच्याकडे कशाला येईल!

हाच हिशेब उलटा करून पाहा. पेशंट गुंगीत गेला, श्वास उथळ झाला, ओढ १५ वर आली. मग त्याच दोन लिटरचे ३१ टक्क्यांच्या पुढे होतात. म्हणजे नाकातली नळी धापा टाकणाऱ्याला कमी देते आणि गुंगीत जाणाऱ्याला जास्त. कार्बन डायऑक्साइड साठत चाललेल्या पेशंटला हे नेमकं नको असतं. तो जितका झोपाळतो, तितका ऑक्सिजन वाढतो, आणि जितका ऑक्सिजन वाढतो, तितका तो झोपाळतो.

साधा मास्क या बाबतीत नळीचाच भाऊबंद. फरक इतकाच की चेहऱ्यावर एक छोटी टोपी बसते, तिच्यात ऑक्सिजन साठतो, म्हणून टक्केवारी जास्त मिळते. पाच ते दहा लिटरला साधारण ४० ते ६०, तीही श्वासावर अवलंबून. पण टोपीत सोडलेला श्वासही साठतो. तो धुऊन काढायला किमान पाच लिटरचा झोत लागतो. कमी लिटर ठेवला की पेशंट स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड पुन्हा आत घेतो. म्हणून "जुन्या दम्याचा पेशंट आहे, मास्क तोच ठेवू, फक्त दोन लिटर करू" हा तोडगा दिसायला शहाणपणाचा आणि करायला घातक. साधा मास्क कमी ऑक्सिजन देण्यासाठी बनलेलाच नाही.

व्हेंचुरीची गोष्ट वेगळी. मास्कच्या खाली नळकांडं, आणि त्याच्या तोंडाशी एक रंगीत तुकडा. त्याच्या मधोमध बारीक भोक, बाजूला मोठ्या खिडक्या. बारीक भोकातून ऑक्सिजन जोरात सुटतो आणि खिडक्यांतून बाहेरची हवा सोबत ओढून नेतो. पनवेल स्टेशनात न थांबणारी गाडी धडधडत गेली की फलाटावरचे कागद तिच्यामागे ओढले जातात, तसं. किती हवा ओढली जाणार ते भोक आणि खिडक्यांच्या मापावर ठरतं, म्हणून मिश्रण ठरलेलं. २८ टक्क्यांच्या तुकड्याला चार लिटर ऑक्सिजन दिला की तो दहापटीहून जरा जास्त हवा ओढतो आणि एकूण ४५ लिटरचा वारा तोंडावर येतो. २४ टक्क्यांच्या तुकड्याला दोन लिटर दिले की पन्नासच्या वर. आता पेशंटची ओढ ३० असो की १५, वारा तिच्यापेक्षा जास्तच आहे. त्याला खोलीतली हवा ओढायची गरज पडत नाही, आणि २८ चे २८ च राहतात. गुंगीत गेला तरी ते वाढत नाहीत. आजींना व्हेंचुरी लावण्याचं सगळं कारण एवढंच.

हा मास्क लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमधल्या मोरान कॅम्पबेल यांनी १९६० साली लॅन्सेटमध्ये मांडला, तोही याच पेशंटांसाठी. इतक्या वर्षांत वस्तू फारशी बदललेली नाही. आमच्याकडे मात्र पाकीट फोडलं की सगळे तुकडे बाहेर पडतात, एक लावला जातो आणि बाकीचे कचऱ्यात जातात. मी ते धुऊन औषधांच्या ट्रॉलीतल्या वरच्या खणात त्याच पेशंटच्या नावाने डबीत ठेवते, कारण सकाळी २८ चा २४ करायचा असतो. बहुतेक पाकिटांत निळा २४, पांढरा २८, नारिंगी ३१, पिवळा ३५, लाल ४० आणि हिरवा ६० असतो. पण रंग सगळ्या कंपन्यांचे एक नसतात. रंगावर जाऊ नये. तुकड्यावर टक्के आणि लिटर दोन्ही कोरलेले असतात, ते वाचावे.

आजींकडे परत येते. पांढरा तुकडा, चार लिटर. सॅच्युरेशन ९८ वरून हळूहळू ९५, ९३, मग ९० वर येऊन थांबलं. सून दर मिनिटाला यंत्राकडे बघत होती. आकडा खाली येतोय आणि सिस्टर समाधानाने बघतेय, हे तिला कसं पटणार? मी तिला यंत्राकडे पाठ करून बसायला सांगितलं आणि म्हटलं, "तुम्ही आजींशी बोलत राहा. बोलतात किती ते मला सांगा." वाफारा द्यायचा होता. आमच्या एका नव्या सिस्टरने सवयीप्रमाणे त्याची नळी भिंतीवरच्या ऑक्सिजनला जोडायला घेतली होती. त्या वाफाऱ्याला सहा ते आठ लिटर लागतात, म्हणजे दहा मिनिटं पुन्हा तोच मास्क, तोच प्रकार. मोटरचं यंत्र आणून हवेवर वाफारा दिला आणि तेवढ्यापुरती नाकात नळी ठेवली, दोन लिटर. सोबत स्टिरॉइड आणि अँटिबायोटिक सुरू झालं. बायपॅपचं यंत्र पलंगाशेजारी आणून ठेवलं. तासाभराने पुन्हा गॅस पाठवला: पीएच ७.३६, कार्बन डायऑक्साइड ६०. आजींनी सुनेला विचारलं, दार नीट लावून आलीस का. बायपॅप लावावं लागलं नाही. दुसरा पीएच ७.३५ च्या खालीच राहिला असता, तर लावावंच लागलं असतं. व्हेंचुरी श्वासाला मदत करत नाही, फक्त त्याला बिघडवत नाही.

पहाटे वेगळंच घडलं. सॅच्युरेशन ९६ झालं. फ्लोमीटर तसाच, चार लिटर. कोणी काही बदललेलं नाही. जवळ जाऊन पाहिलं, तर सुनेने थंडी वाजेल म्हणून शाल गळ्यापर्यंत ओढली होती आणि तुकड्याच्या खिडक्या शालीखाली झाकल्या गेल्या होत्या. बाहेरची हवा बंद, म्हणजे मिश्रण दाट. शाल खाली केली, थोड्या वेळात आकडा ९१. व्हेंचुरीवरच्या पेशंटचं सॅच्युरेशन विनाकारण चढलं, तर आधी खिडक्या बघाव्यात. त्या उघड्या असल्या की हलका सूं आवाज येतो, हातालाही वारा लागतो. आवाज बदलला की काहीतरी अडलंय.

दुसरी नेहमीची गोष्ट म्हणजे नातेवाईक, कधीकधी आमच्यातलंच कोणी, सॅच्युरेशन कमी वाटलं की फ्लोमीटरचा खटका फिरवतं. नळीवर आणि साध्या मास्कवर त्याने ऑक्सिजन वाढतो. व्हेंचुरीवर वाढत नाही. चारचे सहा केले तर २८ टक्क्यांचाच वारा जास्त जोरात येतो. श्वास मिनिटाला तीसच्या वर असलेल्या पेशंटला तो जादा वारा उपयोगी पडतो, म्हणून तिथे मुद्दाम वाढवतातही. पण टक्के वाढवायचे असतील तर तुकडा बदलावा लागतो. उलट, पांढऱ्या तुकड्याला दोनच लिटर ठेवले की वारा निम्मा होतो आणि पेशंट कडेने खोलीतली हवा ओढू लागतो. बुडबुड्यांची पाण्याची बाटलीही व्हेंचुरीला जोडत नाही. तुकड्याच्या दाबाने बाटलीच्या झाकणातून ऑक्सिजन गळू शकतो, आणि इतकी बाहेरची हवा मिसळते की वेगळ्या ओलाव्याची गरज राहत नाही.

आता कोणी म्हणेल, मग सगळ्यांना व्हेंचुरीच लावा. नको. त्याच आठवड्यात बांधकामावरचा एक तरुण न्यूमोनियाने आला. श्वास मिनिटाला ३४, नाकात चार लिटर आणि सॅच्युरेशन ८७. ही ओढीची गोष्ट, नळी पुरणारच नव्हती. त्याचं फुप्फुस एरवी धडधाकट, लक्ष्य ९४ च्या वर. साधा मास्क, आठ लिटर, आणि पंधरा मिनिटांत ९५. त्याला २८ ची व्हेंचुरी लावून काय मिळालं असतं? आणि हिरवा ६० चा तुकडाही त्याच्यासाठी दिसतो तितका भक्कम नाही. १५ लिटर ऑक्सिजनला तिथे एकूण वारा ३० लिटरच येतो, म्हणजे धापा टाकणाऱ्याच्या ओढीपेक्षा कमी. टक्के वाढवत गेलं की व्हेंचुरीचा वारा घटत जातो, हे त्या रंगीत तुकड्यांवर लिहिलेलं नसतं. साध्या मास्कवर दहा लिटरलाही तो ९४ वर राहिला नसता, तर त्यावरच न थांबता पिशवीचा मास्क लावून मोठ्या हॉस्पिटलला फोन केला असता.

आणि नाकातली नळी? तिच्यावर एवढी टीका केली, पण दिवसभरात सर्वांत जास्त वापरतो ती तीच. आजी सावरल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांना एक लिटरवर नळी लावली. मास्क लावून जेवता येत नाही, औषध घेता येत नाही, बोललेलं कळत नाही, आणि म्हातारी माणसं तो कपाळावर सरकवून मोकळी होतात. कपाळावरची व्हेंचुरी म्हणजे खोलीतली २१ टक्क्यांचीच हवा! शांत, जागा, स्थिर श्वासाचा पेशंट असेल तर एक-दोन लिटरची नळी सर्वांत सोसवणारी. व्हेंचुरीवरच्या पेशंटलाही जेवणापुरती नळीच द्यावी. मास्क काढून "पाच मिनिटांचंच जेवण आहे" म्हणत उघडं ठेवू नये. चार लिटरच्या वर मात्र नळीने नाक कोरडं पडतं, रक्त येतं. सहाच्या पुढे ती न्यायचीच नाही.

गाडीतल्या त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याच्यापुढे ८१ चा आकडा होता आणि हाताशी एकच मास्क. पण २०१० साली ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे अशाच काही पेशंटांना रुग्णवाहिकेतच सरसकट जोराचा ऑक्सिजन दिला आणि काहींना मोजून, ८८ ते ९२ वर. मोजून दिलेल्या गटात मृत्यू निम्म्याहून कमी झाले. रुग्णवाहिकेतला अर्धा तास किरकोळ नसतो.

आजींना घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी लाल शाईत लिहिलं: "लक्ष्य ८८ ते ९२. व्हेंचुरी २८ टक्के, चार लिटर. नसेल तर नाकातली नळी, एक ते दोन लिटर. वाफारा हवेवर." त्यांचा पांढरा तुकडा आणि मास्कही पिशवीत घालून दिला. तुमच्या घरात जुन्या दम्याचं कोणी असेल आणि कधी ऑक्सिजनवर राहून आलेलं असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून अशी ओळ लिहून घ्या. तिचा फोटो घरच्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ठेवा, आणि रुग्णवाहिका दारात आली की मास्क लावायच्या आधी तो दाखवा.